परत आलेली साडी आणि परत न येणारं गिऱ्हाईक

पत्र

ताई, मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि घरूनच साड्या विकते. फोटो इन्स्टाग्रामवर टाकते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेते. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसावा म्हणून ‘१५ दिवसांत कधीही परत करा, पूर्ण पैसे परत’ असं ठेवलं होतं. आता ते झेपत नाही. गणपती-नवरात्रात नेसून परत पाठवलेल्या साड्या लगेच ओळखू येतात, पदराला अत्तराचा वास असतो. एक तर फॉल लावून परत आली. शिवाय येण्याजाण्याचं कुरिअर माझ्याच गळ्यात. म्हणून दिवाळीआधी नियम बदलायचे आहेत. पोस्टखाली टाकायला हा मजकूर लिहिला: ‘महत्त्वाची सूचना!! १ ऑक्टोबरपासून कोणत्याही परिस्थितीत रिटर्न किंवा रिफंड मिळणार नाही. फक्त ३ दिवसांत एक्स्चेंज. अनबॉक्सिंग व्हिडिओ नसल्यास तक्रार ऐकली जाणार नाही. काही ग्राहकांनी घेतलेल्या गैरफायद्यामुळे नाइलाजाने हा निर्णय घ्यावा लागत आहे.’ मैत्रिणीला दाखवलं तर म्हणाली, ‘हे वाचून मी तुझ्याकडून घेणार नाही.’ मी माझं नुकसान थांबवतेय, त्यात वाईट काय? कसं लिहू म्हणजे लोकांना जाचक वाटणार नाही?
— एक साडीवाली, पाचपाखाडी

उत्तर

नुकसान थांबवण्यात वाईट काहीच नाही. पण मैत्रिणीचं बरोबर आहे, आणि तिला खटकलं ते फक्त शब्दांमुळे नाही. नियमच नीट बसलेला नाही. तो आधी सरळ करू, मग मजकूर फारसा अवघड जाणार नाही.

साडी परत येण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. एकात चूक तुमच्या बाजूची असते: साडीला भोक आहे, जर तुटलेली आहे, डाग आहे, सांगितली एक आणि गेली दुसरीच. दुसऱ्यात चूक कोणाचीच नसते. रंग अंगावर खुलला नाही, सासूबाईंना आवडली नाही, घरी आल्यावर आठवलं की अशीच एक कपाटात पडून आहे. तुम्हाला त्रास झाला तो या दुसऱ्या प्रकारचा, त्यातही नेसून झाल्यावर ‘आवडली नाही’ असं सांगून परत पाठवणाऱ्यांचा. पण दार तुम्ही दोघांनाही लावलंत. जिच्याकडे फाटकी साडी गेली तिलाही आणि जी नेसून मिरवून आली तिलाही एकच उत्तर. वाचणारी बाई स्वतःला नेहमी पहिलीच्या जागी ठेवून वाचते. ‘उद्या मलाच खराब निघाली तर?’ हा तिचा पहिला प्रश्न, आणि तुमच्या मजकुरात त्याचं उत्तर ‘तुझं तू बघ’ असं आहे.

पहिल्या प्रकारात असं म्हणण्याची कायद्यालाही मुभा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत करायला नकार देणं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मुदत बिलावर छापली असेल तर तेवढी, काहीच छापलं नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत अनुचित प्रथा आहे, म्हणजे ‘मी बिलच देत नाही’ ही पळवाट नाही. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० मध्ये निघालेल्या नियमांत जाहिरातीपेक्षा वेगळा निघालेला आणि सांगितलेल्या तारखेनंतर पोचलेला मालही धरलेला आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पिढ्यान्‌पिढ्या गल्ल्यामागे लटकत आली म्हणून ती कायदेशीर आहे असा आपला समज असतो. सदोष मालापुढे ती टिकत नाही. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला ग्राहकाला शुल्कही नाही. २,४०० रुपयांच्या साडीसाठी कोणी तिथवर जाणार नाही असं तुम्ही म्हणाल. नसेल जात. पण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला दोन मिनिटं लागतात.

दुसऱ्या प्रकारात मात्र तुम्ही बऱ्याच मोकळ्या आहात. आवडली नाही म्हणून आलेली साडी परत घ्यायची की नाही, किती दिवसांत, पैसे द्यायचे की दुसरी साडी, हे तुम्ही ठरवायचं. अट एकच, ते पैसे घेण्याआधी सांगायचं. तेव्हा तुमची सगळी कडक कलमं या दुसऱ्या खान्यात टाका आणि पहिला खाना सढळ हाताने मोकळा ठेवा. तो तसा महागही पडत नाही. तुम्ही पाठवण्याआधी साडी उलगडून बघत असाल तर सदोष माल जाणार तो किती? आणि न बघता पाठवत असाल तर नियम बदलण्याआधी ती सवय बदला.

आता अनबॉक्सिंग व्हिडिओ. तो मागायला हरकत नाही, चुकीची साडी गेली की नाही हे त्याने लवकर मिटतं. पण ‘व्हिडिओ नाही तर तक्रार नाही’ असं लिहिलंत की पुन्हा पहिल्याच खान्याला कुलूप लागतं. भोक पडलेल्या साडीचं भोक व्हिडिओ काढला नाही म्हणून बुजत नाही. शिवाय आपल्याकडे पार्सल बहुतेकदा वॉचमनकडे पडतं, संध्याकाळी सातनंतर लोकलमधून दमून आलेली बाई ते उचलते आणि स्वयंपाक करता करता कात्रीने फोडते. तिने एका हातात मोबाइल धरावा ही अपेक्षाच जरा जास्त आहे. ‘जमलं तर व्हिडिओ काढा, नाहीतर दोषाचा उजेडातला फोटो ४८ तासांत पाठवा’ एवढं पुरतं.

मग नेसून परत पाठवणाऱ्यांचं काय करायचं? ‘गैरफायदा’ हा शब्द लिहून ते थांबत नाही. सोसायटीच्या लिफ्टमधली नोटीस आठवा: ‘काही सभासद गॅलरीतून कचरा टाकतात असे निदर्शनास आले आहे.’ कचरा टाकणारा ती वाचून ढिम्म राहतो आणि न टाकणारे सगळे उगाच एकमेकांकडे बघतात. तुमच्या शंभर गिऱ्हाइकांत नेसून परत पाठवणाऱ्या दोन-चारच असतील, आणि त्यांना त्या ओळीचं काहीही वाटणार नाही. उरलेल्या सगळ्यांना मात्र वाटेल की आपल्याकडे चोर म्हणून बघतायत.

याला उपाय शब्दांचा नाही, टॅगचा आहे. जाड कागदाचा हातभर अंतरावरून दिसेल एवढा टॅग पदराच्या गोंड्यांत दोऱ्याने बांधा. प्लास्टिकचा काटा रेशमात टोचू नका, छिद्र पडतं आणि मग दोष तुमचाच ठरतो. टॅग पदरावर असल्यामुळे साडी अंगावर लावून आरशात बघता येते, फोटो काढून बहिणीला पाठवता येतो, पण हळदीकुंकवाला जाता येत नाही. टॅगवर छापा: ‘हा टॅग असेपर्यंत साडी बदलून मिळेल.’ साडी नेसली की नाही हा वाद यातून निघूनच जातो. अत्तराचा वास कोणी मोजायचा? तुम्हाला येतो, तिला येत नाही, आणि फोनवर दोघी चिडता. टॅग आहे किंवा नाही, यावर मात्र बोलण्यासारखं काही उरत नाही. दोरा साध्या गाठीने बांधू नका, नाहीतर सोडून पुन्हा बांधता येतो. गाठीवर छोटं स्टिकर चिकटवा.

फॉल-पिकोचंही असंच. फॉल लागला, पिको झाला किंवा ब्लाउज पीस कापला की ती साडी तुम्हाला नवी म्हणून विकता येत नाही. ही अट प्रत्येक बाईला विनासायास पटते, कारण तिलाही फॉल लावलेली साडी कोणी नवी म्हणून दिली तर चालणार नाही. तुम्ही स्वतः फॉल-पिको करून देत असाल तर सुई लावण्याआधी त्याच साडीचा दिवसाच्या उजेडातला फोटो पाठवा आणि ‘करू का?’ विचारून हो आल्यावरच द्या. रंगाच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील. मोबाइलवर रामा हिरवा दिसलेला रंग हातात मोरपंखी निघतो, याला तुमचा फोटोही कारण असतो आणि तिचा स्क्रीनही. रिंगलाइटखाली काढलेल्या फोटोवर साडी विकायची आणि रंग वेगळा निघाल्यावर स्क्रीनला दोष द्यायचा, हे मला तरी रास्त वाटत नाही.

दिवस किती ठेवायचे? तीन फार कमी. गुरुवारी पार्सल पोचलं तर रविवारी सवडीने उघडून बघेपर्यंत मुदत संपते. सात ठेवा, कारण कुठल्याही सात दिवसांत एक रविवार असतोच. आणि मोजणी ऑर्डरच्या नाही, पार्सल हातात पडलेल्या दिवसापासून करा. कुरिअर भिवंडीच्या गोदामात दोन दिवस अडकलं तर ते दिवस तिच्या खात्यातून जायला नकोत. दिवाळीसाठी एक सूट मुद्दाम द्या. पाडव्याला किंवा भाऊबीजेला द्यायची साडी दोन आठवडे आधी घेतली जाते आणि कपाटात लपवून ठेवली जाते. जिला मिळणार तिने ती पाहिलेलीच नसते. अशा ऑर्डरीला सात दिवस भाऊबीजेपासून मोजा. याचा तुम्हाला खर्च जवळजवळ नाही, साडी टॅगसकट घडीतच असते, आणि वाचणारीला कळतं की नियम करणाऱ्या बाईने तिचा विचार केलाय.

पैशांचं बघू. धरा, साडी २,४०० ची आहे. जाण्याचं कुरिअर ७०, येण्याचं ७०, आणि घडी विस्कटून आली तर प्रेसला शंभर-एक रुपये. म्हणजे न आवडलेली एक साडी तुम्हाला अडीचशेच्या आसपास पडते. हा खर्च सगळा तुमच्यावर असणं बरोबर नाही, सगळा तिच्यावर टाकणंही नाही. मी सुचवेन, जाण्याचं कुरिअर आणि प्रेस तुमची, परत पाठवण्याचं कुरिअर तिचं. ‘हाताळणी शुल्क १० टक्के’ असलं काही लावू नका. त्यात २४० रुपये कसले, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि तिला तो दंड वाटेल. बदल्यात दुसरी साडी किंवा तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट सहा महिन्यांसाठी. क्रेडिट नोटची तारीख मात्र लिहून द्या, तोंडी ठेवलीत की सहा महिन्यांनी दोघींच्या आठवणी वेगळ्या असतात. आणि दोष तुमचा असेल तेव्हा क्रेडिट नोट पुढे करायची नाही. ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने पूर्ण परत, दोन्ही वेळचं कुरिअर तुमचं.

तुमच्या मजकुरात आणखी एक गोष्ट नाही: तुमच्यावरची मुदत. तिने तीन दिवसांत हे करायचं, व्हिडिओ काढायचा, तक्रार वेळेत करायची. तुम्ही काय आणि कधी करणार? मुदत एकाच बाजूला असली की नियम जाचक वाटतो. साडी तुमच्या हातात आल्यापासून ३ दिवसांत पैसे किंवा दुसरी साडी रवाना, एवढं स्वतःला बांधून घ्या. जमणार नसेल तर पाच लिहा, पण लिहा.

आता मजकूर. इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘more’ दाबल्यावर उघडतं आणि बहुतेक जणी दाबत नाहीत. तुमच्या पहिल्या ओळीत ‘महत्त्वाची सूचना’ आणि ‘मिळणार नाही’ होतं. तिथे तिला काय मिळतं ते यायला हवं. असं लिहा:

> साडी सदोष निघाली किंवा चुकीची आली, तर पूर्ण पैसे परत. येण्याजाण्याचं कुरिअरही आमचं.
>
> नुसती मनाला भावली नाही, तरी पार्सल हातात पडल्यापासून ७ दिवसांत बदलून घ्या, किंवा तेवढ्याच रकमेची ६ महिन्यांची क्रेडिट नोट घ्या. यात परत पाठवण्याचं कुरिअर तेवढं तुमच्याकडे.
>
> पदराचा टॅग मात्र तसाच हवा. अंगावर लावून बघा, फोटो काढा, घरच्यांना दाखवा. ठेवायची ठरली की मगच टॅग काढा. फॉल-पिको झालेली किंवा ब्लाउज पीस कापलेली साडी नवी म्हणून दुसऱ्या ताईला देता येत नाही, त्यामुळे आवडली नाही म्हणून ती बदलून देता येणार नाही.
>
> काही दोष दिसला तर ४८ तासांत फोटो पाठवा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तमच, नसला तरी तक्रार घेऊ.
>
> पाडवा-भाऊबीजेची भेट आधीच घेताय? ऑर्डर करताना सांगा, तुमचे ७ दिवस भाऊबीजेपासून मोजू.
>
> साडी आमच्याकडे पोचली की ३ दिवसांत पैसे किंवा दुसरी साडी निघेल.
>
> आधी न आवडलेल्या साडीचेही पैसे १५ दिवसांपर्यंत परत देत होतो. दोन्हीकडचं कुरिअर आणि पुन्हा प्रेस धरून अशी एक साडी आम्हाला अडीचशेच्या आसपास पडते. तो खर्च साड्यांच्या किमतीत घालण्यापेक्षा हा बदल बरा वाटला.
>
> हे १ ऑक्टोबरपासूनच्या ऑर्डरींना लागू. त्याआधीच्या ऑर्डरींना जुने १५ दिवसच.

कारण शेवटाकडे आणि एकदाच दिलंय, तेही आकड्यात. ‘नाइलाजाने’ काढून टाकलं, कारण निर्णय तुमचा आहे आणि तो वाईट नाही. अडीचशेच्या जागी तुमचा स्वतःचा आकडा घाला, आणि तो खरा असू द्या. कोणी विचारलं तर कुरिअरची पावती दाखवता आली पाहिजे. ४८ तासांची ओळ ही विनंती आहे, तिसऱ्या दिवशी भोकाचा फोटो आला तर ‘मुदत गेली’ म्हणू नका. त्या साडीला कायद्याचं संरक्षण आहेच. मात्र खादी किंवा हातमागाच्या साडीत मध्येच जाड धागा येणं हा दोष नसतो. ते इथे लिहू नका, त्या साडीच्या पोस्टमध्ये जवळून काढलेल्या फोटोसह लिहा, म्हणजे घेण्याआधीच कळेल.

शेवटची ओळ गाळू नका. ३० सप्टेंबरला ऑर्डर दिलेल्या बाईने जुना शब्द बघून पैसे दिलेत, तिच्यावर नवा नियम लावलात तर तुमच्या सगळ्या पोस्टखाली तीच येऊन लिहील, आणि तिचं चुकणार नाही. तिच्या साडीला टॅग नसेल, अत्तराचा वासही असेल. घ्या परत. अशा दोन-तीन साड्या येतील तेवढ्याच.

पोस्ट टाकून काम संपत नाही. तुमच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, आणि तिथे येणाऱ्या कित्येक जणींनी ती पोस्ट बघितलेलीच नसते, वहिनीने पाठवलेल्या फोटोवरून थेट मेसेज केलेला असतो. म्हणून क्यूआर कोड पाठवण्याच्या आधीच्या मेसेजमध्ये तीन ओळी घाला: सदोष असेल तर पूर्ण पैसे परत, आवडली नाही तर टॅगसकट ७ दिवसांत बदल किंवा क्रेडिट नोट, फॉल-पिकोनंतर बदल नाही. तिचं ‘ठीक आहे’ आलं की मग क्यूआर. त्याच तीन ओळी बिलावर छापा. उद्या वाद झालाच तर इन्स्टाग्रामवरचा मजकूर कोणी बघणार नाही, बिल बघतील.

पोस्टखाली पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिणार, ‘आधी तर पैसे परत देत होता, आता धंदा वाढला वाटतं.’ त्यावर लांबलचक खुलासा करू नका आणि कमेंट पुसूही नका. एवढंच उत्तर द्या: ‘हो ताई, आधी देत होतो. सदोष साडीचे पूर्ण पैसे आजही देतोच, न आवडलेलीला आता बदल किंवा क्रेडिट नोट आहे. तुमची आधीची ऑर्डर असेल तर नंबर पाठवा, तिला जुनाच नियम आहे.’ तिने नंबर पाठवला तर त्याच दिवशी निपटवा, आणि पैसे गेले की त्याच कमेंटखाली ‘पाठवले’ एवढं लिहा.